पहाटे साडेचारचा बोका

आमच्या बेडवर अधिकृतपणे दोघंच झोपतात, मी आणि नवरा. प्रत्यक्षात मधली जागा राणी नावाच्या कुत्रीची, पायथा गुंड्या नावाच्या बोक्याचा, आणि उरलेल्या दोन कडांवर आम्ही दोघं कसेबसे लटकलेले. त्यातही राणीचं एकवेळ परवडलं, ती फक्त जागा खाते. गुंड्या झोप खातो.

रोज पहाटे साडेचारला साहेब छातीवर येऊन बसणार, आधी मिशा गालाला, मग पंजा पापणीवर, नखं आत, एकदम सभ्यपणे. तरी उठले नाही तर ड्रेसिंग टेबलावरची एकेक वस्तू माझ्या डोळ्यात डोळे घालून खाली ढकलायची. शेवटी मी उठून डोळे मिटूनच वाटीत खाणं ओतायचे आणि परत येऊन पडायचे. नवरा कुशीवर वळून म्हणायचा, "अगं, दे ना त्याला, गप्प बसेल." बसायचा पण. उद्या साडेचारपर्यंत.

डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, मांजर काही रात्रभर जागणारा प्राणी नाही, त्याची खरी धावपळ असते पहाटे आणि संध्याकाळी, शिकार करायच्या वेळेला. म्हणजे साडेचारला जाग येणं हा त्याचा स्वभाव, पण जाग आल्यावर तुमच्या छातीवर चढायचं हे तुम्ही शिकवलंय, कारण तिथे चढलं की वाटी भरते. आणि ओरडलात, ढकललंत तरी त्याच्या हिशोबात माणूस उठलं, काम झालं.

उपाय साधा होता, म्हणजे ऐकायला. मांजराचा क्रम असा असतो की शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप. तो क्रम आपल्या झोपायच्या वेळेला आणायचा. रात्री दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेलं पीस घेऊन त्याला दमेपर्यंत पळवायचं (लेझर नको, लाल ठिपका कधीच पंजात येत नाही आणि तो चिडून बसतो), शेवटी पीस पकडू द्यायचं आणि लगेच दिवसाच्या खाण्यातला मोठा वाटा तेव्हाच द्यायचा. एकूण खाणं तेवढंच, नुसती वाटणी बदलायची, नाहीतर झोप मिळते पण बोका गोल होतो.

पहाटेसाठी टायमरवाला फीडर आणला. यात एक मेख आहे, फीडर पहिल्याच दिवशी सहाला लावायचा नाही. आम्ही सव्वाचारला लावला, म्हणजे तो आम्हाला उठवायच्या आधीच खाणं खडखडत पडणार. दोन-तीन दिवसांत त्याला कळलं की अन्न मशीन देतं, ही बाई नाही, आणि तो माझ्याऐवजी मशीनसमोर जाऊन बसायला लागला. (मला जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू.) मग दर काही दिवसांनी दहा मिनिटं पुढे, असं करत करत सहापर्यंत.

पण मधे एक भयानक टप्पा येतो हं. आपण दाद द्यायची बंद केली की मांजर आधी शांत होत नाही, आधी वाढवतं. कालपर्यंत काम करणारं बटण आज चालेना म्हणून ते जोरात दाबून बघतं. एका पहाटे त्याने दारावर असं काही खरवडणं आणि भेसूर ओरडणं लावलं की नवरा पांघरुणातून उठून वाटीकडे निघाला. मी त्याचा टीशर्ट धरून ठेवला. कारण नेमक्या त्या वेळी उठलं तर बोका शिकतो की एवढा दंगा केला की माणूस उठतं, आणि पुढच्या वेळी सुरुवातच तिथून करतो. दार बंद ठेवायचं असेल तर त्याचा शी-शूचा ट्रे आणि पाणी बाहेर हवंच, नाहीतर ओरडणं खरं असू शकतं. आणि शांत असलेलं वयस्कर मांजर अचानक रात्री ओरडायला लागलं तर हे सगळे उद्योग नकोत, सरळ डॉक्टरकडे न्यायचं, थायरॉइड, बीपी काहीही असू शकतं.

राणीचं प्रकरण मात्र सोप्पं निघालं. कुत्रं आपल्यासारखं सलग झोपत नाही, मधे उठतं, गोल फिरतं, खाजवतं, परत पडतं, आणि बेडवर असेल तर प्रत्येक वेळी आपलाही मॅट्रेस हलतो. मेयो क्लिनिकच्या २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात हेच दिसलं होतं की कुत्रं खोलीत असलं तर झोपेचं फारसं बिघडत नाही, बेडवर असलं की थोडं बिघडतं. म्हणून तिची गादी माझ्या बाजूला खाली, हात लोंबकळला तर डोक्याला लागेल इतकी जवळ. वर चढली की न बोलता खाली उतरवायचं, गादीवर पडली की खाऊ. नियम दोघांनी सारखा पाळायचा होता, इथेच घोळ, कारण मी उतरवायचे आणि दुसऱ्या बाजूने "ये गं बाळा" असं कुजबुजणं ऐकू यायचं. आता ठरलंय की ढग गडगडले तरच तिला वर परवानगी, आणि हल्ली नवरा झोपायच्या आधी हवामानाचं ॲप उघडून फार आशेने बघत बसतो.