बॅटरीचा स्क्रीनशॉट कसा पाठवावा, म्हणजे समोरच्याला काहीही कळणार नाही

ज्याला घरात एकदा वायफायचा पासवर्ड टाकता आला, तो जन्मभरासाठी खानदानाचा मोबाईल डॉक्टर होतो. आमच्याकडे ही पदवी माझ्या गळ्यात आहे. परवा रविवारी सकाळी पावणेआठला कोथरूडच्या मामांचा स्क्रीनशॉट आला. खाली दोनच शब्द: "बॅटरी. बघ."

तुम्हालाही तुमच्या भाच्याला असंच छळायचं असेल, तर मामांची पद्धत सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. फोन रात्रभर चार्जिंगला ठेवायचा, सकाळी पिन काढायची, गुड मॉर्निंगचे फोटो पुढे ढकलायचे आणि लगेच बॅटरीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढायचा. मामांनी तेच केलं होतं. बॅटरी ९६ टक्के, आणि यादीत पहिल्या नंबरवर व्हॉट्सॲप, ५० टक्के. मामांनी त्याचा अर्थ असा लावला, की अर्धी बॅटरी व्हॉट्सॲप खातं.

आता हे पन्नास कशाचे, असा प्रश्न चुकूनही मनात आणू नका. काही फोन वापरलेल्या बॅटरीतला वाटा दाखवतात, काही पूर्ण बॅटरीतला. कोणता फोन काय दाखवतो हे ओळखायला फक्त यादीतले आकडे मनातल्या मनात मिळवावे लागतात. बेरीज शंभराच्या आसपास आली, तर तो वापरलेल्यातला वाटा. बेरीज फुल चार्जनंतर उतरलेल्या बॅटरीइतकी आली, तर तो पूर्ण बॅटरीतला. मामांच्या यादीची बेरीज शंभर होती. म्हणजे फुल चार्जनंतर उतरले चार टक्के, आणि त्यातला निम्मा व्हॉट्सॲपचा. दोन टक्के! दोन टक्क्यांसाठी मामांनी काय करावं? व्हॉट्सॲप काढून टाकलं. दुपारी परत घातलं, आणि जुन्या चॅट परत आणायच्या का असं विचारल्यावर घाईत "नको" दाबलं. मुलीच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी त्याच चॅटमध्ये होती. मामींचा फोन मला आला. मामांना नाही, मला.

दुसरी गोष्ट, स्क्रीनशॉट कापून पाठवा.

ही कला मला अजून समजलेली नाही. फोन अख्ख्या पानाचा फोटो फुकट देतो. तरी माणसं बसून, चष्मा लावून, कडा ओढत ओढत तो कापतात. वरची पट्टी जाते, म्हणजे वेळ गेली, उरलेली बॅटरी गेली, नेटवर्कच्या काड्या गेल्या, हॉटस्पॉट आणि लोकेशनची चिन्हं गेली. मग "शेवटच्या फुल चार्जपासून" की "गेल्या २४ तासांत" ही ओळ जाते, म्हणजे आकडे कोणत्या काळातले तेही गेलं. खालची यादी चौथ्या ॲपवर तुटते. उरतात चार रंगीत चित्रं आणि चार आकडे. यावरून मी काय सांगू? कुंडली मांडू का? डॉक्टरकडे जाताना एक्स-रे फक्त अंगठ्यापुरता कापून नेता का हो? आणि वर "तुला एवढंही कळत नाही?" हे ऐकायचं. मामा, त्या कापलेल्या पट्टीतच उत्तर होतं!

असो. पुन्हा सल्ल्याकडे वळू.

यादीत गूगल प्ले सर्व्हिसेस दिसलं, की आधी तेच बंद करा. मग नोटिफिकेशन का येत नाहीत म्हणून वेगळा स्क्रीनशॉट पाठवता येतो.

बॅटरी वाचवणारं ॲप घाला. एकाने भागलं नाही, तर दुसरं.

डेटाचं म्हणाल, तर तिथेही महिन्याचाच आकडा पाठवा. आमच्या शेजारच्या काकूंचा दिवसाचा दीड जीबी दुपारी बाराला संपतो आणि त्या मला एक तारखेपासूनचे ४१ जीबी दाखवतात. त्यातून आजचं कसं कळणार? सकाळी उठल्यावर एक आणि पॅक संपल्यावर एक, असे मोबाईल डेटाच्या पानाचे दोन स्क्रीनशॉट काढले आणि प्रत्येक ॲपची वजाबाकी केली, तर चोर सापडतो. पण वजाबाकी करायची म्हणजे पुन्हा कष्ट आले. आणि वायफायचं पान वेगळं असतं, ते पाठवून तर काहीच उपयोग नाही. काकू तेच पाठवतात.

तर मामा. सोमवारी मी हात जोडून सांगितलं, की दिवसभर फोन वापरा, रात्री नऊला स्क्रीनशॉट काढा, कापू नका. आला एकदाचा. बॅटरी २२ टक्के, म्हणजे सकाळपासून ७८ गेली. पहिलं यूट्यूब, ३४ टक्के. दुसरं मॅप्स, ३० टक्के. व्हॉट्सॲप बिचारं ९ वर. मामा म्हणाले, "यूट्यूब काढू का?" मी म्हटलं, कशालाही हात लावू नका, आधी त्या नावांवर बोट ठेवा आणि आतलं पान पाठवा. यूट्यूब स्क्रीनवर दोन तास चाळीस मिनिटं, बॅकग्राउंडला तीन मिनिटं. म्हणजे ते मामांनी बघितलं, बॅटरी गेली, हिशोब चुकता. मॅप्स मात्र स्क्रीनवर सहा मिनिटं आणि बॅकग्राउंडला पाच तास दहा मिनिटं! ७८ चे तीस टक्के म्हणजे बॅटरीचे तेवीस टक्के, न बघितलेल्या नकाशासाठी.

उलगडा असा. लग्नखरेदी चालू आहे, दर दोन दिवसांनी लक्ष्मी रोड. मामा मॅपवर दुकानाचं नाव टाकतात, तिथे पार्किंग मिळत नाही, कुणाला मिळालंय? गाडी नदीपात्रात लावून चालत जातात आणि फोन खिशात टाकतात. नकाशाच्या हिशोबाने मामा अजून पोचलेलेच नाहीत. तो बिचारा साड्या घेईपर्यंत, भेळ खाईपर्यंत, कोथरूडला घरी येऊन जेवेपर्यंत जीपीएस लावून वाट दाखवतोय. बोलत का नव्हता? आवाज बंद केला होता, मामींना "डावीकडे वळा" सहन होत नाही म्हणून. वरच्या पट्टीत लोकेशनचं चिन्ह मात्र होतं. तीच पट्टी, जी तुम्ही आधी कापत होता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दरम्यान "बॅटरी गेली, अठराशे लागतील" असं सांगून ठेवलंय, आणि मामा पैसे काढून तयार.

बास झालं आता. मामा, गंमत पुरे. अठराशे खिशात ठेवा. गाडी लावली, की वरून पडदा खाली ओढायचा, मॅप्सची नोटिफिकेशन दिसेल, तिथे एक्झिट दाबायचं, एवढंच करायचंय. पुढच्या खरेदीच्या दिवशी रात्री तोच स्क्रीनशॉट काढा, अख्खा, यादीच्या शेवटापर्यंत. मॅप्सचा बॅकग्राउंड वेळ मिनिटांवर आला आणि तरीही नऊला बॅटरी बावीसच राहिली, तर मग बॅटरीचं बोलू. तोपर्यंत कुठलंही ॲप काढायचं नाही, मला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि ती आमंत्रितांची यादी तुम्ही स्वतः मामींसमोर बसून पुन्हा लिहा. मी येणार नाही.