दिवसभर हसायचं तरी किती?

‘चेहरा जरा हसरा ठेवला की गैरसमज टळतात,’ असं लोक सांगतात. तेवढ्यानं भागत नाही.

बेळगावात खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात बारा वर्षं उभी राहते, म्हणून सांगते. माझ्या ओठांचे कोपरे मुळातच खाली उतरलेले, भुवया डोळ्यांना टेकलेल्या. राग आला की चेहरा बऱ्याचदा असाच होतो, म्हणून मी चिडलेली नसले तरी बघणाऱ्याला राग दिसतो. गिऱ्हाईक शेजारच्या पोरीला विचारतं, "बाई चिडल्यात काय?" मग मालक मला मागं घड्या घालायला बसवतात. एकदा दिवसभर हसून पाहिलं. गाल दुखले ते दुखलेच, वर एक आजी म्हणाल्या, "हसायलीस कशाला गं, फसवायलीस काय?"

चेहऱ्यावरचे भाव ओळखणाऱ्या फेसरीडर नावाच्या सॉफ्टवेअरनं अशा चेहऱ्यांवरची तुच्छतेची छटा बायकांत नि पुरुषांत सारखीच मोजली होती. आमच्या दुकानातल्या मामांचा चेहरा माझ्याहून कडक. त्यांना लोक ‘गंभीर माणूस’ म्हणतात.