‘सोळा अक्षरं असली की कोड खरा’ म्हणे!

“गेम खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी महत्त्वाचे. गुगल प्लेचा ₹1000 चा रिडीम कोड टेलिग्रामवर ₹400 ला मिळतो. कंपनीचा बल्क स्टॉक असतो म्हणून स्वस्त. कोड 16 अक्षरी असेल तर 100% ओरिजिनल. चॅनलवर प्रूफ बघूनच घ्या. कोड वापरलेला निघाला तर गुगल पैसे परत करते. जुना कोड असेल तर फोटो पाठवा, बॅलन्स चेक करून मिळेल. मुलांना कार्ड देण्यापेक्षा कोड देणे सुरक्षित. सर्व ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या सख्ख्या ताईने टाकला. तोही तिच्या मुलाचे सहाशे रुपये गेल्यावर तीन दिवसांनी! तिचं म्हणणं, “चॅनल चुकीचं निघालं रे, पद्धत बरोबर आहे.” माझं मिरजेत मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, हेच कोड, म्हणजे प्ले स्टोअरच्या खात्यात टाकले की तेवढे रुपये जमा होतात ते, मी रोज विकतो, आणि माझ्याच घरात हे चाललंय. म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

बल्क स्टॉकचं आधी उरकतो. माझ्याकडे कोड गल्ल्यात पडून नसतात. गिऱ्हाईक रक्कम सांगतं, मी ती पोर्टलवर टाकतो, माझ्या वॉलेटमधून पैसे कापले जातात आणि तेव्हाच कोड येतो. शंभराच्या कोडामागे मला जे सुटतं त्यात एक कटिंगसुद्धा येत नाही. मग हजाराच्या मागे सहाशे सोडणारा हा दानशूर कोण? चारशेला मिळणारा कोड चुकून खरा निघालाच, तर तो बहुधा चोरीच्या कार्डावर घेतलेला असतो, नाहीतर कुणा म्हाताऱ्या माणसाला ‘पोलीस बोलतोय’ म्हणून घाबरवून उकळलेला. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक बघणारं सरकारी फेडरल ट्रेड कमिशन तर स्पष्ट सांगतं की गिफ्ट कार्ड घ्या आणि मागचा नंबर आम्हाला सांगा असं फक्त ठगच म्हणतात. ते उकळलेले नंबर कुठेतरी खपवावे लागतातच. मूळ व्यवहारावर तक्रार झाली की तो माल मागे घेतला जातो. क्लॅश ऑफ क्लॅन्सवाल्या सुपरसेलने तर नियमांतच लिहून ठेवलंय की बाहेरच्या विक्रेत्याकडून जेम्स, म्हणजे गेममधलं चलन, घेतले तर ते काढून घेतले जातील आणि अकाउंट कायमचं बंदही होऊ शकतं.

आता ते सोळा अक्षरांचं. सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वांत जास्त राग याच वाक्याचा आला, कारण ऐकायला ते अगदी तांत्रिक वाटतं. गुगल प्लेचे कोड सोळा अक्षरी असतात, हे खरंच आहे, वीस अक्षरीही असतात. पण म्हणून सोळा अक्षरी काहीही कोड होतं का? इंग्रजी सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे मिळून छत्तीस चिन्हं. ती सोळा जागांवर बसवली तर पंचवीस आकडी संख्येइतके वेगवेगळे ‘कोड’ तयार होतात. समजा गुगलने आज शंभर कोटी चालू कोड बाजारात सोडलेत, आणि हे मी फार मोठ्या मनाने धरतोय. तरी मनाने लिहिलेला एक कोड खरा निघण्याची शक्यता आठावर पंधरा शून्यं दिलीत तेवढ्यात एक. ‘कोड जनरेटर’ नावाची जी अ‍ॅप्स मुलं डाउनलोड करतात ती एवढंच करतात: सोळा अक्षरं मनाने लिहितात आणि मध्ये जाहिराती दाखवतात. कोडाला किंमत त्याच्या अक्षरांमुळे येत नाही. त्या अक्षरांपुढे गुगलच्या नोंदीत रक्कम लिहिलेली असते म्हणून येते, आणि ती नोंद बाहेरून बघायला मिळत नाही. दुकानात लटकवलेलं कार्डसुद्धा काउंटरवर अ‍ॅक्टिव्हेट होईपर्यंत नुसता पुठ्ठा असतो, आत सोळा अक्षरं छापलेली असली तरी.

यात आणखी एक घोळ आहे आणि विकणारे तो मुद्दाम वाढवतात. ‘रिडीम कोड’ हा शब्द मुलं दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक गुगल प्लेचा, म्हणजे रुपयांच्या शिल्लकेचा. दुसरा गेम कंपनीचा बक्षिसाचा. फ्री फायरचा असा कोड बारा किंवा सोळा अक्षरी असतो, reward.ff.garena.com वर लॉगिन करून टाकायचा असतो, गेस्ट अकाउंटवर चालत नाही, आणि मुदत संपली की संपला. तो कंपनी फुकट वाटते, त्यातून बहुतेक वेळा गेममधला एखादा पोशाख नाहीतर बक्षिसाची पेटी हाती लागते. टेलिग्रामवाला हाच फुकटचा, कधीचा मुदत संपलेला कोड उचलतो आणि ‘हजाराचा रिडीम कोड’ म्हणून विकतो. अक्षरं मोजली तर सोळा भरतात. पोरगं खूश.

माझ्या भाच्याचं नेमकं काय झालं ते सांगतो, म्हणजे साखळी कळेल. पोरगा नववीत, फ्री फायर मॅक्सचे डायमंड, म्हणजे त्या गेममधलं चलन, हवे होते. चॅनलवाल्याने आधी क्यूआर पाठवला, चारशे रुपये. ताईच्या फोनवरून त्याने ते भरले. पैसे भरताना स्क्रीनवर जे नाव आलं ते कुठल्यातरी ‘फ्रूट सेंटर’चं होतं. बँकेत नोंदलेलं नाव तिथे दिसतं, त्यामुळे थांबायची पहिली जागा तीच होती. पैसे गेल्यावर कोडचा फोटो आला, शेवटची चार अक्षरं काळी केलेली. “भाई, दो सौ जीएसटी, रिफंडेबल है.” जीएसटी आणि रिफंडेबल! तेही फ्रूट सेंटरच्या खात्यात. पण समोर बारा अक्षरं दिसतायत, चारच राहिलीत, चारशे आधीच अडकलेत, मग पोरगं दोनशे भरतंच. सापळा त्या चार झाकलेल्या अक्षरांत असतो.

पूर्ण कोड आला. प्ले स्टोअरमध्ये टाकला तर अवैध. मग चॅनलवाल्याने सांगितलं की कोड अमेरिकेचा आहे, फोन दुसऱ्या देशात असल्याचं भासवणारं व्हीपीएन लाव आणि अकाउंटचा देश बदल. बरं झालं पोराला ते जमलं नाही. गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो. एकदा अमेरिका केलं की वर्षभर भारतात परत यायचं नाही, आणि आधीची रुपयांतली शिल्लक तिकडे चालत नाही. कोड ज्या देशाचा, खातंही त्याच देशाचं लागतं.

शेवटचा डाव ताईवरच होता. “रिफंड के लिए क्यूआर स्कॅन करो.” तिने स्कॅन केला, सहाशे रुपये दिसले, आणि खाली यूपीआय पिन मागितला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. तिथे तिला शंका आली आणि तिने मला फोन केला. नाहीतर सहाशेचे बाराशे झाले असते.

प्रूफबद्दल फार लिहीत नाही. शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट कुणीही दोन मिनिटांत बनवतो. त्यापेक्षा हे बघा की त्या चॅनलवर तुम्हाला स्वतःला काही लिहिता येतं का. टेलिग्रामच्या चॅनलवर मालकाने कॉमेंट उघडल्या नसतील तर फक्त तोच लिहितो. दोनशे ‘थँक्यू भाई’ तोच टाकतो आणि एकही शिवी दिसत नाही, कारण शिवी द्यायला जागाच ठेवलेली नसते.

गुगल पैसे परत करते, हे कुणी पसरवलं मला माहीत नाही. गुगल प्ले गिफ्ट कार्डाच्या अटी त्यांच्याच मदत पानावर आहेत, पाच मिनिटांत वाचून होतात. कोडाची रोख मिळत नाही, एकदा खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात जात नाही, कायद्याने भाग पडलं तरच परतावा, आणि ही रक्कम गुगल प्लेबाहेर कुठेही चालत नाही. रीतसर घेतलेल्या कोडची पावती असते, त्यामुळे अडचण आली तर मी किंवा गुगल काहीतरी बघू तरी शकतो. टेलिग्रामच्या कोडमागे काय दाखवणार, फ्रूट सेंटर?

आणि “जुना कोड असेल तर फोटो पाठवा” हे वाक्य वाचून मी कपाळावर हात मारला. कोडची शिल्लक बाहेरून तपासून देणारी सोय गुगल प्लेला नाहीच. कोड टाकूनच कळतं, आणि जो टाकतो त्याच्या खात्यात रक्कम जाते. म्हणजे तपासायला फोटो पाठवला की तपासणाराच श्रीमंत. माझ्याच दुकानातून पाचशेचा कोड घेऊन गेलेल्या एका काकूंनी मुलीच्या ‘मित्राला’ असाच फोटो पाठवला होता. दहा मिनिटांनी परत आल्या, “चालत नाही म्हणतोय.” त्याचं चालून झालं होतं.

मेसेजमधलं ‘कार्डापेक्षा कोड सुरक्षित’ हे वाक्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. मुलाच्या गेमला स्वतःचं कार्ड जोडून ठेवण्यापेक्षा दोनशेचा कोड बरा. बिघडलंच तर दोनशेच जातात, महिन्याचा पगार जात नाही. स्वस्तात मिळायचे खरे मार्गही आहेत. पेमेंट अ‍ॅपवर अधूनमधून थोडाफार कॅशबॅक असतो, आणि गुगल ओपिनियन रिवॉर्ड्सवर प्रश्नांची उत्तरं दिली की प्लेची शिल्लक थेंबाथेंबाने जमते. निम्म्या किमतीत मात्र काहीच नाही. कोड तुमच्या रोजच्या पेमेंट अ‍ॅपमधून किंवा ओळखीच्या दुकानातून घ्या, मुलाच्या खात्यावर प्ले स्टोअर उघडून वरच्या फोटोवर दाबा, Payments & subscriptions मध्ये जाऊन Redeem gift code मध्ये त्याच दिवशी टाकून मोकळे व्हा. कुणी थेट गेमच्या आयडीवर टॉपअप करून देतो म्हणाला तर आयडीचा नंबर पुरतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की त्याला डायमंड द्यायचे नाहीत, अकाउंट घ्यायचं आहे.

पैसे गेले त्याच संध्याकाळी ताईला मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावायला लावला. तिथे व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, रक्कम आणि वेळ विचारतात. चॅटचे आणि त्या क्यूआरचे स्क्रीनशॉट cybercrime.gov.in वर चढवले. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, अडवायचे तर पहिल्या काही तासांतच, आणि आमचा अख्खा दिवस ‘पाठवतो भाई’ ऐकण्यात गेला होता. तक्रारीचा नंबर आलाय, पैसे आले नाहीत. तो फॉरवर्ड ताईने ग्रुपवरून काढलाय, पण तोवर तो आमच्या मावशीने भिशीच्या ग्रुपवर टाकला होता.