तापाचा कितवा दिवस, ते आधी विचारा

"एनएस१ निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही, निश्चिंत राहा."

तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य अर्धवट आहे आणि त्यानेच घोळ होतो. एनएस१ हे डेंग्यूच्या व्हायरसचंच प्रोटीन, ते तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात चांगलं सापडतं, नंतर कमी होत जातं. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज, त्या चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसायला लागतात. म्हणून पाच दिवसांच्या आत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम, तीही शक्यतो एलायझा पद्धतीची, कारण पट्टीवरची रॅपिड टेस्ट चुकू शकते.

आमच्या सिडकोत शेजारच्या ताईंच्या मुलाला रविवारी संध्याकाळी ताप भरला, आधी मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि रक्त दिलं थेट शनिवारी, म्हणजे सातव्या दिवशी, तेही फक्त एनएस१ साठी. निगेटिव्ह आली, ताप पण उतरलेला, घरात सगळे खूश. पण पोट दुखत होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ताप कधी सुरू झाला? मग आयजीएम एलायझा केली, पॉझिटिव्ह. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दोन दिवस सुरू होतात हो, आणि नेमकं तेव्हाच हा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असतो! उलट बाजूही लिहा, आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकतं, त्यामुळे गणपतीत डेंग्यू झालेल्याला दिवाळीत साधा ताप आला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. लॅबच्या फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहायलाच लावा.