एक स्टार रिव्ह्यूला उत्तर: सीईए करू नका असं आम्ही का म्हणलो

रिव्ह्यू: "एक स्टार. वडिलांना (वय ६१) घेऊन गावाकडून लातूरला आलो. थकवा होता, हिमोग्लोबिन ९. कॅन्सर पॅकेज करा म्हणलो तर सीईए, सीए १९-९ करायची गरज नाही म्हणाले आणि संडास तपासायची डबी हातात दिली. दुसऱ्या लॅबनी दोन्ही केले, सगळं नॉर्मल. आलेल्या पेशंटला परत पाठवणारी लॅब."

उत्तर:

दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं. सीईए आणि सीए १९-९ नॉर्मल आले म्हणून वडिलांचा विषय संपला असं धरू नका, प्लीज. साठीतल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ९ म्हणजे रक्त कुठंतरी जातंय का हे बघावंच लागतं, आणि बायकांसारखी पाळी नसल्यानं पुरुषात पहिला संशय पोटावर आणि आतड्यावर जातो. फेरिटिन करा, ते कमी आलं तर शरीरातलं लोह संपलंय हे पक्कं, मग पोटाच्या डॉक्टरांकडं जाऊन वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी. मूळव्याध असेल, अल्सर असेल, जंत असतील, काहीच नाही निघालं तर आनंदच आहे. पण उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ महिनोन् महिने थोडं थोडं रक्त सोडत राहते, संडासात दिसत पण नाही, फक्त माणूस थकायला लागतो. अशा गाठीत सीईए नॉर्मल असणं अगदी नेहमीचं आहे. डबी दिली ती त्या न दिसणाऱ्या रक्तासाठीच होती, पण तीही निगेटिव्ह आली तरी लोह कमी असेल तर दुर्बीण टळत नाही.

आता पॅकेजचं. सीईए हे एक प्रोटीन आहे, गोल्ड आणि फ्रीडमन या दोघांनी १९६५ मध्ये कॅनडात शोधलं, आणि तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आतड्याच्या कॅन्सरची रक्ताची टेस्ट सापडली. तसं झालं नाही, कारण हे प्रोटीन चांगल्या माणसाच्या रक्तातही थोडं असतंच. विडी-सिगरेट ओढणाऱ्यात ते वाढलेलं सापडतं, म्हणून त्यांच्यासाठी ५ पर्यंत चालतं आणि न ओढणाऱ्यांसाठी साधारण ३. लिव्हर खराब असलं, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनी सूज, थायरॉईड कमी, यातलं काहीही असलं तरी वाढतं. आणि उलट, सुरुवातीच्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये बहुतेकांत ते वाढतच नाही.

एक हिशोब मांडतो, आकडे फक्त समजण्यापुरते धरलेत. काहीच त्रास नसलेली, पन्नाशीपुढची १०,००० माणसं आपण तपासली, त्यातल्या ३० जणांना आतड्याचा कॅन्सर आहे असं धरा. सीईएनं त्यातले १२ पकडले तर १८ जण नॉर्मल रिपोर्ट खिशात घालून निवांत घरी जाणार. आणि बाकीच्यांत शंभरात पाच जणांचा आकडा उगीच वर आला तरी ५०० लोक झाले. म्हणजे रिपोर्ट वाढलेल्या ५१२ मधले १२ खरे. बाकीच्या ५०० जणांनी सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी, उधारी, रात्रीची झोप, हे सगळं कशासाठी केलं? हे मी लोकांना होताना बघतो म्हणून आमच्या पॅकेजमधून ही टेस्ट काढली, पैसे मिळत असून काढली.

आता हीच टेस्ट आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंटवर करा. १०० जण धरा, त्यातल्या ३० जणांत आजार परत येणार आहे. ५ च्या वरचा आकडा वाढलेला धरला तर अंदाजे शंभरातले सत्तर परत आलेले आजार सीईए दाखवतं, म्हणजे २१ पकडले, आणि आजार नसलेल्या ७० मध्ये उगीच वाढलेले ८-९. आता वाढलेल्या ३० मधले २१ खरे. टेस्ट तीच, मशीन तेच, फक्त तपासलेली माणसं वेगळी. म्हणून फॉलोअपमध्ये आम्ही सीईए स्वतःहून आठवण करून करायला लावतो.

आणि फॉलोअपमध्ये आणखी एक फायदा असतो, पेशंटची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी होते. आमच्याकडं एक काका येतात (ओळख कळू नये म्हणून जास्त सांगत नाही), विडी-तंबाखू काही नाही. ऑपरेशनच्या आधी सीईए २२ होता. दीड महिन्यानं २.१ आला, म्हणजे गाठ निघाली. दीड महिना थांबलो कारण हे प्रोटीन रक्तातून उतरायला काही आठवडे लागतात आणि ऑपरेशननंतर आठ दिवसांत केलेली टेस्ट काही कामाची नाही. मग दर तीन महिन्यांनी १.९, २.३, २.०. पुढच्या वेळी ३.४, त्याच्या पुढं ४.६. आता बघा, रिपोर्टवर रेंज ५ पर्यंत छापलेली, त्यामुळं ४.६ समोर लाल खूण येतच नाही, घरचे म्हणाले नॉर्मल आहे. पण ओळीनं सगळे आकडे लावले की वर चाललंय हे उघड दिसतं, म्हणून सर्जनना फोन केला. महिन्यानं परत केलं तर ६.१. सीटीत लिव्हरमध्ये एकच डाग निघाला, वेळेत कळल्यामुळं काढता आला, आणि सीईए परत २ च्या घरात आला.

पण एका वाढीवर कुणी घाबरू नका, आधी परत करून खात्री करायची, मगच सीटी. केमो चालू असताना, विशेषतः ऑक्झालीप्लॅटिन या औषधाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, सीईए तात्पुरतं चढू शकतं. लॅब बदलली तर पद्धत बदलते आणि तेच रक्त वेगळा आकडा देतं, म्हणून पहिल्या दिवसापासून एकाच लॅबला करा, आमची नाही तर दुसरी, पण एकच. शिवाय काही पेशंटचा आजार सीईए न वाढताच परत येतो, त्यामुळं सीटी आणि कोलोनोस्कोपीच्या तारखा सीईए नॉर्मल आहे म्हणून टाळायच्या नाहीत. सीईए साधारण पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, असं डॉक्टर सांगतात.

सीए १९-९ चं तर त्याहून अवघड आहे. पित्ताच्या नळीत खडा अडकून कावीळ झाली की कॅन्सर नसताना ३७ ची रेंज सोडून आकडा शेकड्यांत जातो, नळी मोकळी केली की उतरतो. आणि शंभरातल्या ५ ते १० माणसांच्या रक्तगटाची ठेवणच अशी असते की त्यांचं शरीर हे तयारच करत नाही, त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असला तरी रिपोर्ट नॉर्मल. लिव्हरच्या कॅन्सरसाठीची एएफपी टेस्ट तेवढी वेगळी, पण तीही सिरॉसिस झालेल्यांत सोनोग्राफीसोबत सहा महिन्यांनी, सगळ्या गावाची नाही.

काउंटरवर पोरानं तुम्हाला डबी देताना हे सगळं सांगायला हवं होतं, गर्दीत तेवढं बोलणं झालं नसेल. तुम्ही रिपोर्ट घेऊन कधीही या, माझ्याशीच बोला, बोलायचे पैसे नाहीत. पण त्यासाठी थांबू नका, पोटाच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या, आणि त्यांच्यासमोर फाईल उघडताना हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा.