मीठ, कसावा आणि बायाफ्राचं युद्ध

नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा अदिची यांची 'हाफ ऑफ अ यलो सन' (२००६) ही कादंबरी त्याच देशातल्या बायाफ्राच्या युद्धावर आहे. पण तिच्याकडे युद्धकादंबरी म्हणून जो जाईल आणि लढाया शोधेल, त्याच्या हाती फार थोडं लागेल. कुठलं शहर कधी पडलं, हे पात्रांना रेडिओवरून किंवा शेजाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं, आणि तेही अनेकदा खोटं असतं. माझं म्हणणं असं की ही कादंबरी स्वयंपाकघरातून वाचावी. घरात आज काय शिजतंय, काय संपलंय, काय मिळायचं बंद झालंय, एवढंच लक्षात ठेवत गेलात तरी ते अख्खं युद्ध आणि त्यामागचं राजकारण कळतं. किंबहुना तसंच जास्त नीट कळतं.

थोडी पार्श्वभूमी. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात, मूळच्या पूर्व भागातल्या इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या. ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाने बायाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. जुलैत युद्ध सुरू झालं आणि १५ जानेवारी १९७० ला बायाफ्राच्या शरणागतीने संपलं. किती माणसं मेली याचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत आहे: गोळ्यांपेक्षा भुकेने आणि भुकेतून आलेल्या आजारांनी मेलेले लोक कितीतरी जास्त होते.

आता कादंबरीची सुरुवात बघा. युद्धाला अजून काही वर्षं आहेत. खेड्यातला तेरा वर्षांचा उग्वू न्सुक्का विद्यापीठातल्या ओडेनिग्बो नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाकडे घरकामाला येतो. नळ उघडला की पाणी येतं याचंच त्याला अप्रूप. मग तो फ्रीज उघडतो. आत संत्री, पाव, बिअर आणि भाजलेली अख्खी कोंबडी. त्यातले तुकडे तो खिशात लपवून ठेवतो. पहिल्या वाचनात हा प्रसंग गोड वाटतो. पुढचं वाचून पुन्हा इथे आलात, तर लेखिकेने पहिल्याच प्रकरणात घराचं पूर्ण भरलेलं कोठार दाखवून ठेवलंय, हे जाणवतं. इथून पुढे फक्त कमी होत जाणार आहे.

न्सुक्का सोडावं लागतं तेव्हा धड आवरायलाही सवड मिळत नाही. मग ओडेनिग्बोचं गाव आब्बा, तिथून उमुआहिया. आधी तिथे एक घर असतं, नंतर एकच खोली, आजूबाजूला अनेक कुटुंबं आणि सामाईक अंगण. शेवटी ओर्लूजवळ, ओडेनिग्बोची जोडीदार ओलान्ना हिच्या जुळ्या बहिणीकडे, कायनेनेकडे. प्रत्येक मुक्कामाबरोबर ताटातलं काहीतरी गळतं आणि गळण्याचा क्रम ठरलेला आहे. मांस आणि दूध आधी जातं, मीठ दुर्मीळ होतं आणि शेवटी कसावा तेवढा उरतो.

हा क्रम असाच का, हे कळलं की कादंबरी वेगळीच दिसायला लागते. कसावा म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. तिकडे तो किसून, आंबवून, पिळून, भाजून त्याचा रव्यासारखा 'गारी' करतात. पोट भरतं, पण १०० ग्रॅम कंदात प्रथिनं जेमतेम एक-दीड ग्रॅम. शांततेच्या काळात ती कसर बाहेरून येणारे पदार्थ भरून काढत. गुरं उत्तर नायजेरियातून यायची. समुद्रमार्गे नॉर्वेचा सुकवलेला कॉड मासा यायचा. लाकडासारखा कडक असतो तो, भिजवून आणि बराच वेळ उकळूनच खाता येतो, आणि इग्बो घरांत तो रोजच्या रश्शाचा भाग होता. युद्ध लागल्यावर उत्तरेची वाट बंद झाली. नायजेरियाने नाकेबंदी केली. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट पडलं आणि बायाफ्राचा समुद्राशी संबंध तुटला. आत अडकलेल्या लाखो माणसांकडे कंद होता, पण प्रथिनं नव्हती.

लहान मुलाला असंच महिनोन्महिने खायला घातलं की क्वाशिओरकोर नावाचा आजार होतो. आधी पावलं सुजतात. अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहतो. पोट फुगतं. केस विरळ होतात, त्यांचा काळा रंग जाऊन तांबूस होतात. मूल चिडचिडं होतं, मग गप्प गप्प, आणि पुढे त्याला जेवणही नको होतं. फसवी गोष्ट ही की सुजेमुळे मूल नजरेला हडकुळं दिसत नाही. पोट मोठं, गाल भरलेले.

कादंबरीत उमुआहियाच्या त्या अंगणात आदान्ना नावाची मुलगी आहे. तिचं पोट वाढत जातं. ओलान्ना वाढवत असलेली लहानगी बेबी त्याच अंगणात, त्याच मुलांबरोबर खेळत असते. लेखिका रोगाचं वर्णन करत थांबत नाही. बेबी आजारी पडली, खोकली, जेवली नाही की ओलान्नाच्या पोटात जो गोळा येतो, तो वाचकाच्या पोटात येतो, कारण आदान्ना शेजारीच आहे. बायाफ्राच्या मुलांचे फोटो त्या काळी जगभर छापले गेले. फोटोत मूल एकटं दिसतं. इथे त्याला आई आहे, अंगण आहे, खेळगडी आहेत, आणि सुजायच्या आधीचे दिवसही आहेत. कादंबरीचं फोटोपेक्षा मोठं काम हेच, असं मला मनापासून वाटतं.

ओलान्ना लागोसच्या बड्या घरातली, परदेशात शिकलेली. मदत केंद्रावर रांगेत उभं राहून धक्के खायचं तिला जमत नाही. सुरुवातीला रिकाम्या हाताने परतते. हळूहळू शिकते. मग तिथला ओळखीचा एक माणूस तिला गुपचूप कॉर्न्ड बीफचा, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचा, एक डबा देतो. ती तो घेऊन निघते आणि वाटेत काही जण तिला गाठून डबा हिसकावून घेतात. प्रसंग एवढाच. ना बॉम्ब, ना शत्रू. पण यात किती गोष्टी उघड्या होतात बघा. मदत ओळखीवर मिळते. ज्यांची ओळख नाही त्यांची मुलं आधी मरतात. आणि हिसकावणारे आपल्याच बाजूचे आहेत, उपाशी आहेत.

मदत म्हणजे मदतच, हा भाबडेपणाही ही कादंबरी ठेवत नाही. बायाफ्रात अन्न येत होतं ते प्रामुख्याने उलीच्या धावपट्टीवर. एक सरळ रस्ता रुंद करून बनवलेली ही पट्टी. चर्चच्या संस्था आणि रेडक्रॉस यांची विमानं तिथे रात्रीच्या अंधारात उतरायची. दिवे क्षणभर लावायचे आणि विमान टेकलं की विझवायचे. जून १९६९ मध्ये नायजेरियाने रेडक्रॉसचं एक विमान पाडलं. इतका जीव धोक्यात घालून आणलेलं अन्न छावणीत पोचल्यावर काय होतं? कायनेने चालवत असलेल्या निर्वासितांच्या छावणीत एक धर्मगुरू उपाशी मुलींना अन्न देण्याआधी त्यांचं लैंगिक शोषण करत असतो. कायनेनेला कळतं तेव्हा ती त्याला हाकलते. पण मुलींनी आधी का सांगितलं नाही, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडू नये इतकं ते स्पष्ट आहे. अन्न त्याच्या हातात होतं.

त्याच छावणीत डॉ. इन्यांग नावाची डॉक्टर आहे. ती इग्बो नाही, बायाफ्रातल्या एका अल्पसंख्य समाजाची आहे. तिच्यावर फितुरीचा संशय घेऊन एक गरोदर बाई तिच्यावर थुंकते. माझी कादंबरीबद्दलची तक्रारही इथलीच. बायाफ्राच्या हद्दीत लाखो बिगर-इग्बो लोक होते, त्यातल्या अनेकांना हा देश नकोच होता. त्यांचं स्वयंपाकघर आपल्याला दिसत नाही. हा एक प्रसंग चटका लावतो, पण तो कायनेनेच्या नजरेतूनच संपतो. मला डॉ. इन्यांगबरोबर तिच्या घरी जायचं होतं.

आणि मग लढाई. ती आहे, पण मोजक्या पानांत. उग्वूला रस्त्यावरून पकडून सैन्यात भरती करतात. तो धाडस दाखवतो, त्याला सोबत्यांकडून नाव मिळतं. आणि एका दारूच्या गुत्त्यात तिथे काम करणाऱ्या मुलीवर सामूहिक बलात्कार होतो, त्यात उग्वू सामील होतो. आपण शेकडो पानं ज्याच्याबरोबर कांदे चिरले, बेबीला भरवलं, तोच हा मुलगा. काही वाचकांना हे अनावश्यक वाटतं. मला वाटतं, याशिवाय कादंबरी अपुरी राहिली असती. सामान्य माणूस म्हणजे निष्पाप माणूस, असं समीकरण मांडून सुटका करून घेणं सोपं होतं. अदिची ती घेत नाहीत. त्या मुलीच्या नजरेचं ओझं उग्वू पुढे कायम वाहतो, आणि या युद्धाचं पुस्तक अखेर लिहितो तोही उग्वूच. कायनेनेचा साथीदार, इंग्रज लेखक रिचर्ड ते लिहिणार असतो, पण ही गोष्ट आपण सांगायची नाही हे त्याला उमगतं.

ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथे थांबावं.

बायाफ्रात बायका आघाडी ओलांडून शत्रूच्या ताब्यातल्या बाजारात जायच्या. मीठ आणि इतर वस्तू आणायच्या, थोडं विकायच्या, थोडं घरी ठेवायच्या. या व्यापाराला 'आफिया अटॅक' म्हणत. आफिया म्हणजे बाजार. सापडल्या तर गोळी, बलात्कार, काहीही. सैन्याच्या इतिहासात या बायकांची नावं नाहीत, पण त्यांनी ओलांडलेली रेषा तीच होती जिच्यावर सैन्यं अडून बसली होती. युद्धाच्या अगदी शेवटी कायनेने छावणीसाठी माल आणायला तशीच पलीकडे जाते. काही दिवसांत युद्ध संपतं. ती परतत नाही. रिचर्ड आणि ओलान्ना दवाखाने, छावण्या, गावं पालथी घालतात. प्रेत नाही, साक्षीदार नाही, काहीच नाही. लढाईत मेलेल्याची निदान नोंद होते. बाजाराला गेलेल्या बाईची कुठे होणार?

न्सुक्काला परतल्यावर घर लुटलेलं असतं, पुस्तकं जाळलेली असतात. आणि इतिहासातला हा तपशील मी कादंबरीला जोडूनच वाचते: युद्धानंतर नायजेरिया सरकारने बायाफ्रातल्या खातेदारांना बँकेत कितीही रक्कम असली तरी सरसकट २० पौंड दिले. ज्या घराचा फ्रीज आपण पहिल्या प्रकरणात उघडून पाहिला, तसल्या हजारो घरांना तेवढ्यावर पुन्हा मीठ-मिरचीपासून सुरुवात करायची होती. म्हणून युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं हे वाक्य मला आता पूर्ण खरं वाटत नाही.