नकटीच्या नाकाला सतराशे सल्ले

माझ्या माहेरी शेताच्या वाटणीवरून भांडणं झाली, पण नाकाच्या वाटणीत कोणावरही अन्याय झाला नाही. आजोबांचं रुंद, बसकं, भज्यासारखं नाक सगळ्या नातवंडांना सारखंच आणि भरघोस मिळालं. सासरी उलटा कारभार. तिथली नाकं इतकी लहान, की चष्मा लावून मान खाली घातली की चष्मा ताटात.

नणंदेच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि तिनं जाहीर केलं, की दाबाची नथ चालणार नाही, नाक टोचूनच खरी नथ घालणार. पण एकटीला भीती वाटते, तेव्हा मामीनं सोबत टोचून घ्यावं. मामी म्हणजे मी. चाळिशी उलटल्यावर नाक टोचायला निघालेली बाई म्हणजे आमच्या नागपुरात सार्वजनिक मालमत्ता. कोणीही यावं आणि मत देऊन जावं.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्या नाकाले मोठं फूल घ्या, नाक झाकल्या जाते." सासूबाईंचं मत, की रुंद नाकाला काहीच शोभत नाही, म्हणून अगदी बारीक खडा घ्यावा, म्हणजे दिसणारच नाही. (दिसायचंच नसेल तर टोचायचं कशाला, हे मी विचारलं नाही. सासूबाईंना प्रश्न विचारून घरात कोणाचंही भलं झालेलं नाही.) भाचीच्या नाकाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं: लहान नाक, काहीही गोड दिसेल. हे एकमतच सगळ्यात चुकीचं निघालं.

आपण स्वतःच प्रयोग करायचा असं ठरवून बर्डीच्या बाजारातून खड्यांच्या टिकल्यांची पाकिटं आणली. वेगवेगळ्या मापांच्या, 2 मिलिमीटरपासून 5 मिलिमीटरपर्यंतच्या. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि आम्ही दोघी आरशासमोर बसून नाकावर टिकल्या चिकटवू लागलो. नाक टोचण्याआधी हे प्रत्येकीनं करावं, फक्त दाराची कडी लावून करावं. दूधवाला आला तेव्हा माझ्या नाकावर एकूण तीन टिकल्या होत्या. त्यानं पैसे न मागता दूध ठेवलं आणि गेला.

पण त्या टिकल्यांनी सगळे सल्ले निकालात काढले. नाकपुडी गालाकडे वळताना जिथं आत दबते, तिथं एक घडी असते. त्या घडीपासून नाकपुडीच्या खालच्या काठापर्यंतचं अंतर हेच आपलं मैदान. माझं भरलं 11 मिलिमीटर, भाचीचं जेमतेम 7. फुलाची रुंदी या अंतराच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत राहिली तर ते नाकावर बसल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा मोठं झालं तर नाकच फुलाच्या मागे उभं असल्यासारखं वाटतं. म्हणजे मला 3, फार तर साडेतीन मिलिमीटर आणि तिला 2.

नणंदेचं 5 मिलिमीटरचं फूल लावून पाहिलं. नाक झाकलं गेलं नाहीच, उलट ते कुठं संपतं याची पाटी लागली. समोरून पाहणाऱ्याची नजर थेट त्या कडेला जायची आणि नाक तिथपर्यंत पसरलेलं आहे, हे ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही आलं असतं. मग सासूबाईंसाठी सगळ्यात बारीक टिकली लावली. मुलगा आत आला आणि म्हणाला, "आई, नाकावर फोड आला का?" रुंद नाकावर फार बारीक खडा दागिना म्हणून दिसतच नाही. एक तर तीळ, नाहीतर तारुण्यपीटिका. आणि चाळिशीनंतर तारुण्यपीटिका म्हटलेलं मला आवडलं असतं, पण तसं कोणी म्हणालं नाही.

मापापेक्षा जास्त फरक पडला तो जागेनं. तीच 3 मिलिमीटरची टिकली मी काठाजवळ, नाकपुडीच्या सगळ्यात फुगीर भागावर लावली तर नाक आणखी रुंद दिसायचं. तीच उचलून घडीत बसवली की रुंदपणा घडीच्या आतच थांबल्यासारखा वाटायचा. घडी मुळातच आत दबलेली असते, त्यामुळे खडा समोरून पूर्ण दिसत नाही, अर्धवट डोकावतो. नाकाची बाहेरची कड मोकळी राहते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आडवं फूल, दोन्ही बाजूंना पाकळ्या असलेलं, रुंदी वाढवतं. तेच उभं पान किंवा एकच गोल खडा मुकाट्यानं बसतो.

भाचीची गंमत वेगळी. तिला हवं होतं सात खड्यांचं फूल. 4 मिलिमीटरची टिकली तिच्या घडीत लावली तर एक कड उचललेलीच राहिली. लहान नाकाची वळणं तीव्र असतात. सपाट पाठीचं रुंद फूल तिथं टेकतच नाही, एका बाजूनं उघडं राहतं आणि त्या फटीत केस, पदर, टॉवेल, जे येईल ते अडकतं. वर तिच्या नाकपुडीचा निम्म्याहून जास्त भाग फुलाखाली गेला होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, मुलीला नाक आहे की नुसतंच फूल आहे.

हे सगळं मोजमाप घेऊन आम्ही इतवारीतल्या एका सोनारकाकांकडे गेलो. मॉलमधल्या पार्लरमध्ये बंदुकीनं टोचून घ्यायचा पर्याय भाचीनं सुचवला होता. पण ती बंदूक कानाच्या पाळीसाठी असते. बोथट दांडी जोरानं आत शिरते आणि जागा नेमकी धरता येत नाही. एका मिलिमीटरवर माझं सगळं रूप अवलंबून असताना मी बंदुकीपुढे उभी राहणार नव्हते. काकांनी पेननं ठिपका दिला, समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हासा." मी हसले. ठिपका गालाकडे सरकला. हसताना नाकपुडी पसरते. त्यामुळे चेहरा शांत ठेवून ठिपका द्यायचा आणि मग हसून तपासायचं, की तो गालाच्या वळीत गडप तर होत नाही ना. माझा होत होता, म्हणून त्यांनी तो केसभर पुढे घेतला.

भाचीला ठिपका आणखी वर हवा होता. फोटोत छान दिसतं म्हणे. काकांनी मान हलवली. "वर कूर्चा लागते जी. दुखते जास्त, भरून यायले वेळ लागते. अन् आतून फिरकी कशी लावसान, बोट पोचते का तिथं?" शिवाय नथीचं गणित होतंच. नथीची तार भोकातून निघून नाकपुडीच्या काठाला वळसा घालून येते. भोक जितकं वर, तितका वळसा मोठा लागतो आणि मोत्यांचा झुपका नाकाऐवजी ओठावर येतो. लहान नाकावर बाजारातली तयार नथ तशीही ओठावरच उतरते आणि नवरीला घास घेताना नथ आधी जेवते. शेवटी तिचा ठिपका घडीच्या खालच्या कडेला आला. चमकीलाही चालेल आणि नथीलाही. नथ मात्र लहान वळशाची, वजनाला हलकी करून घ्यायची.

टोचण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, नाकाला काही टोचलं की येतंच. भाचीनं माझा हात धरला होता. नाक भरून आलं, हाताला जास्त वेळ लागला.

खरी भानगड पुढे असते आणि तिचं नाव दांडी. दुकानात सगळ्या जणी वरचं फूल पाहतात, आतली दांडी कोणी मोजत नाही. माझी नाकपुडी जाड. तिथं आखूड दांडीची चमकी घातली असती तर सुरुवातीच्या सुजेत फूल कातडीत रुतलं असतं. भोवतीची कातडी फुलाच्या कडेवर चढायला लागली, की दांडी आखूड आहे असं समजावं आणि वाट न पाहता ती बदलून घ्यावी. म्हणून काकांनी मला 8 मिलिमीटरची दांडी दिली. भाचीची नाकपुडी पातळ, तिला 6 पुरली. तिनं घरी येऊन हौसेनं माझी जुळी चमकी मागवली, त्याच लांबीची, बरं झालं मी ती आधी नाकाशी नुसती धरून दाखवली. घातली असती तर फूल बाहेर लोंबलं असतं आणि दांडीचं टोक खाली नाकपुडीतून चमकायला लागलं असतं. असं टोक दिसलं की समोरचा माणूस सोन्याचं कौतुक करत नाही, खिशातून रुमाल काढून देतो.

भोक नीट भरायला दोन ते चार महिने लागतात, कधी जास्तही. तोवर हौसेखातर चमकी बदलायची नाही. आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोचलं होतं, त्यामुळे मेपर्यंत हिशेब बसत होता. पण मध्ये नागपूरचा मार्च आला. स्कूटीवर निघायचं म्हणजे आमच्याकडे डोळे सोडून सगळ्या डोक्याला ओढणी गुंडाळायची. ती उतरवताना रोज चमकी सोबत यायला निघायची. अशी ओढाताण झाली की भोकाशेजारी लाल पुळी धरते आणि घरातल्या बायका हळद-तेलाची वाटी घेऊन धावतात. मी पाव चमचा मीठ कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून त्यानं जागा धूत राहिले आणि ओढणी पुढून ओढण्याऐवजी मागची गाठ सोडून वर उचलायला शिकले. भाचीचा खडा लहान आणि गुळगुळीत, गोल कोंदणातला. तो एकदाही अडकला नाही. सात खड्यांच्या फुलाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

लग्नात नथ नाकावरच राहिली, ओठावर आली नाही. माझ्या 3 मिलिमीटरच्या खड्याकडे पाहून मामेसासूबाईंनी फर्मान काढलं, "मलेही असंच पायजे. जागा दाखव." मी त्यांना खिडकीशी नेऊन घडी शोधायला लागले, तर त्यांच्या सरळ, लांब नाकाला घडीच दिसेना. काही नाकांची नसतेच ठळक. अशा वेळी उपाय सोपा असतो: मनमोकळं हसायचं, नाकपुडी पसरली की घडी आपोआप उमटते.

मामेसासूबाईंना हसवायचं काम सध्या घरात सगळे एकमेकांवर ढकलून राहिले आहेत.